साक्षीदाराची सही

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेत कुणी मृत्युपत्र केलं की साक्षीला शेजारचाच माणूस बोलावतात. तोही चहा घेतो, सही करतो आणि विसरून जातो. त्या सहीचं पुढे कोर्टात काय होतं, ते आज सांगतो. सावंतवाडीच्या कोर्टात वकिली सुरू करून मला फार वर्षं झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. यात चूक माझीच होती.

आरोंद्यातले एक आजोबा. घर आणि माडांची बाग त्यांनी सांभाळणाऱ्या पुतणीला मृत्युपत्रानं दिली. मुलांनी दावा लावला, की मृत्युपत्र खोटं. मी पुतणीचा वकील. मृत्युपत्र नोंदवलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त! पण नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र शाबीत होत नाही. त्याला किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकानं करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा ‘ही सही माझी’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि स्वतःची सही त्याच्यासमोर केलेली हवी. दोघांनी एकाच वेळी हजर असायलाच हवं असं नाही. दोघांपैकी कुणी हयात असेल आणि कोर्टात येऊ शकत असेल, तर निदान एकाची तरी साक्ष घ्यावीच लागते.

मी पहिल्या साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं केलं. ज्या बाजूचा साक्षीदार, तिच्या वकिलानं आधी विचारायचं, तो सरतपास. आता 2002 पासून सरतपास प्रतिज्ञापत्रावर लिहून देतात, तेव्हा तोंडी चाले. त्यात उत्तर सुचवणारा प्रश्न चालत नाही. ‘दुसऱ्यानं तुमच्यासमोर सही केली ना?’ असं विचारलं की समोरचा हरकत घेणारच. म्हणून ‘पुढे काय झालं?’ असंच विचारत जायचं. साक्षीदार म्हणाला, ‘आजोबांनी माझ्यासमोर सही केली, मग मी केली.’ त्यानं दोन्ही सह्या ओळखल्या. मी समाधानानं खाली बसलो. दुसऱ्या साक्षीदाराबद्दल विचारायचं राहूनच गेलं.

मग उलटतपास. त्यात उत्तर सुचवायला मुभा असते. समोरच्या वकिलांनी चष्मा, औषधं, दिवाणखान्यात कोण कोण होतं, असलं बरंच विचारलं. साक्षीदाराला वाटलं, आपण पास झालो. शेवटी सहज विचारावं तसं, ‘सही करून तुम्ही लगेच निघालात?’

‘होय, खाडीपलीकडे जावचा होता.’

बस्स. ते खाली बसले. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, माझ्या सीनियरांच्या आलं. हा माणूस लगेच निघाला म्हणजे दुसऱ्याची सही त्यानं पाहिलीच नाही! फेरतपासात, म्हणजे उलटतपासात निघालेल्या गोष्टीचा खुलासा करायला मिळतो त्यात, मी विचारलं. तो खरं बोलणारा माणूस. म्हणाला, ‘दुसऱ्यानं कधी सही केल्यान ता माका म्हायत नाय.’

एकाच साक्षीदारावर भागवायचं असेल, तर त्यानं दोन्ही साक्षीदारांच्या सह्या कायद्याप्रमाणे झाल्या हे सांगावं लागतं. सांगता येत नसेल आणि दुसरा हयात असेल, तर त्याला बोलवायलाच हवं. महाराष्ट्रातल्याच जानकी भोईर विरुद्ध नारायण कदम या दाव्यात 2002 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच धरलं, आणि मृत्युपत्र शाबीत झालं नाही. तिथला साक्षीदारही दुसऱ्याविषयी सांगू शकला नव्हता. 2024 च्या जुलैपासून पुराव्याचा कायदा नवा आला, तरी हा नियम तोच आहे.

आमचा पुरावा अजून संपला नव्हता, एवढंच नशीब. दुसरा साक्षीदार खाडीपलीकडे गोव्यात राहायचा. राज्य दुसरं असलं तरी अंतर थोडं, तेव्हा समन्स निघालं. म्हातारा काठी टेकत आला आणि सांगितलं, की तो संध्याकाळी गेला होता, आणि आजोबांसमोरच त्यानं सही केली.

वकील उठले. ‘म्हणजे आजोबांना सही करताना तुम्ही पाहिलं नाहीत?’

‘नाय, मी बघूक नाय. पण त्येनीच कागद दाखवून सांगितल्यानी, ही माझी सही.’

वकिलांचा तो शेवटचा प्रश्न ठरला. आजोबांनी स्वतः सही कबूल केली, ती त्याच्या कानांनी ऐकली, आणि कायद्याला तेवढं पुरतं. मृत्युपत्रावर निशाणी पडली, म्हणजे कोर्टाच्या पुराव्यातला क्रमांक. पण निशाणी पडली म्हणजे मजकूर खरा ठरला असं नव्हे. आजोबा शुद्धीवर होते का, पुतणीनं दबाव आणला का, यावर वाद आणखी चालला. शेवटी निकाल पुतणीच्या बाजूनं लागला.

तेव्हा साक्षीला बोलावलं, की दोघांनी एकाच बैठकीत बसा, करणाऱ्याला सही करताना पाहा आणि एकमेकांची सही होईपर्यंत उठू नका. सहीखाली पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख लिहा. घरी डायरीत दोन ओळी लिहून ठेवलीत तर बरं, उलटतपास पंधरा वर्षांनीही होऊ शकतो. आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्यानं किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोनं साक्ष करू नये.

कोर्टातून निघताना त्या म्हाताऱ्याला भत्ता मिळाला. तो मोजून म्हणाला, ‘येवचा-जावचा भाडा सुटला, चाय तुम्ही पाजा.’ मी पाजली.