एक तारीख, तीन उत्तरं



आज मी तुमच्यापुढे एकच प्रश्न ठेवणार आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म कोणत्या दिवशी झाला? इंटरनेटवर शोधलंत तर बहुतेक ठिकाणी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मिळेल. थोडं खाली गेलात की ६ एप्रिल १६२७ दिसेल. आणखी कुठे १ मार्च १६३० अशीही तारीख सापडेल. प्रत्येक पान तितक्याच ठामपणे बोलत असतं. मग कोणावर विश्वास ठेवायचा?

शाळा-कॉलेजात आपल्याला एक सवय लागते. समोर आलेला मजकूर वरपासून खालपर्यंत लक्ष देऊन वाचायचा आणि मग तो पटला की नाही ते ठरवायचं. पुस्तकासाठी ही सवय चांगली आहे, इंटरनेटसाठी ती घातक ठरते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, १० तथ्य पडताळणारे पत्रकार आणि २५ विद्यार्थी घेतले होते. त्यांना मुलांच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं दाखवली. नावं जवळजवळ सारखी. एक जुनी आणि मोठी संघटना, दुसरी २००२ साली तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट. विद्यार्थ्यांनी पानाची मांडणी पाहिली, संदर्भांची यादी पाहिली आणि बहुतेक जण फसले. इतिहासकारांपैकीही अनेकांना फरक कळला नाही. पत्रकारांनी मात्र पान वाचायला घेतलंच नाही. त्यांनी लगेच नवे टॅब उघडले आणि या संघटनांबद्दल बाकीचे लोक काय म्हणतात ते शोधलं. यालाच आडवं वाचन म्हणतात. पानात खोल उतरण्याआधी पानाच्या बाहेर पडायचं.

आता हे आपल्या तारखेला लावून पाहू. इथे खरी अडचण अशी की बाहेर पडलं तरी शेकडो पानं एकच तारीख सांगतात. म्हणून किती पानं काय म्हणतात हे मोजण्यात अर्थ नाही. एकाच लेखावरून शंभर जणांनी उतरवून घेतलं असेल तर तो एकच साक्षीदार झाला. आपण विचारायचं ते हे, की ही तारीख मुळात कुठून आली?

१९ फेब्रुवारी आणि ६ एप्रिल या दोन तारखा हातात घेऊन मागे मागे जा. शोधचौकटीत ‘शिवजन्म तारीख’ लिहू नका, ‘शिवजन्म तारीख वाद’ लिहा, ‘जेधे शकावली’ लिहा. १६२७ची तारीख शके १५४९च्या वैशाख शुद्ध द्वितीयेवरून येते, आणि तिच्या मागे मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीसारखी साधनं आहेत. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे महाराजांच्या जन्मानंतर पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेली. १६३०ची तारीख येते ती शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेवरून. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडे घटनांची एक टिपण-नोंद होती, तीच जेधे शकावली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रकाशात आणली. मग परमानंदांच्या शिवभारतात हीच तिथी आढळली. हे संस्कृत काव्य महाराजांच्या हयातीत रचलेलं, आणि त्याचं हस्तलिखित मिळालं तंजावरला. राजस्थानातल्या एका जुन्या कुंडलीसंग्रहातूनही हाच दिवस पुढे आला.

कारी, तंजावर आणि राजस्थान. या साधनांनी एकमेकांची नक्कल केली असण्याची शक्यता फार कमी आहे. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या कामासाठी लिहिलेल्या नोंदी एकाच दिवसावर येऊन थांबतात, तेव्हा त्या दिवसाला वजन येतं. महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती याच पुराव्याच्या बळावर, आणि माझंही मत तेच आहे.

मग १ मार्च कुठून आला? इथे बरेच जण घाईने ‘चूक’ म्हणून मोकळे होतात. ती चूक नाही. सतराव्या शतकात जुनी ज्युलियन आणि नवी ग्रेगोरियन अशा दोन दिनदर्शिका युरोपात चालत होत्या आणि त्यांच्यात दहा दिवसांचा फरक होता. इंग्रज १७५२पर्यंत जुनी वापरत होते. इंग्रज वखारींची पत्रं जुन्या तारखांत असल्यामुळे मराठ्यांच्या इतिहासकारांनीही तीच पद्धत ठेवली. जुन्या पद्धतीचा १९ फेब्रुवारी आणि नव्या पद्धतीचा १ मार्च हा एकच दिवस. दोन उत्तरं भांडताना दिसली की ती खरोखर भांडतात का, की वेगळ्या मापाने एकच गोष्ट सांगतात, हे आधी पाहायचं.

याच जागी आणखी दोन खड्डे आहेत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं आपण शिकतो, त्यामुळे १५५१वरून १६२९ काढणारे भेटतात. पण फाल्गुन जानेवारीनंतर येतो, तेव्हा तिथे ७९ मिळवावे लागतात. दुसरं, उत्तरेकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र कृष्ण पक्ष होतो. हिंदी पानावर वेगळा महिना दिसला तर दचकू नका.

एक पडताळणी तुम्ही इथे बसल्या बसल्या करू शकता. जेधे शकावलीत तिथीबरोबर वारही दिला आहे, शुक्रवार. ग्रेगोरियन दिनदर्शिकेतले वार दर ४०० वर्षांनी तसेच्या तसे परत येतात. म्हणून १ मार्च १६३०चा वार पाहायचा असेल तर मोबाईलमध्ये १ मार्च २०३० उघडा. शुक्रवारच दिसेल. तिथी एकाने, वार दुसऱ्याने मनाने लिहिला असता तर असा मेळ बसायला नशीबच लागलं असतं.

अर्थात या पद्धतीला मर्यादा आहेत. वार जुळला म्हणून जन्माचा दिवस सिद्ध होत नाही, नोंद करणाऱ्याने पंचांग नीट पाहिलं एवढंच कळतं. शकावलीची आपल्या हाती आलेली प्रत कधी उतरवली गेली, हाही प्रश्न उरतोच. आणि काही प्रश्नांत मागे गेल्यावर एकच साक्षीदार उरतो. तिथे ‘या एका साधनानुसार’ असं म्हणून थांबण्यात कमीपणा नाही. वाद संपल्याचं नाटक करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

तुमच्यातले काही जण उद्या वर्गात शिकवतील, काही बातम्या लिहितील, काही जण गावच्या कार्यक्रमाची पत्रिका छापतील. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की फळ्यावर किंवा कागदावर ही तारीख लिहाल तेव्हा तिच्याखाली जेधे शकावली आणि शिवभारत ही दोन नावंही लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला मागे जाण्याची वाट मिळेल.