चित्रफितीवरील नामपट्टी



नेर तालुक्यातील एखाद्या ग्रामसभेचे चित्रण डोळ्यांसमोर आणावे. सरपंच उभे राहून बोलत आहेत. पुढे ग्रामस्थ जमिनीवर बसले आहेत. अशा गजबजलेल्या दृश्यावर नुसती पांढरी अक्षरे घातली, तर पांढऱ्या टोप्यांवर नाव विरून जाते. अक्षरांना जाड कडा दिल्यास वेलांट्या व रफार बुजतात. म्हणून अक्षरांमागे काळी पट्टी द्यावी. ती सुमारे ७० टक्के गडद असावी आणि वरचा रफार व खालचा उकार तिच्यात मावावा. १०८० बिंदू उंचीच्या चौकटीत अक्षरे सुमारे ५४ बिंदूंची ठेवावीत.

पट्टीची रूढ जागा म्हणजे चौकटीचा खालचा तिसरा भाग. येथे मात्र ती पुढे बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर येते. तेव्हा सरपंचांचे नाव जवळून घेतलेल्या दृश्यात द्यावे. तेथे पट्टी छातीवर येते. तसे दृश्य नसल्यास पट्टी वरच्या मोकळ्या भिंतीवर न्यावी. नाव व पद सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत ती राहू द्यावी.

शेवटी, सर्वांत उजळ क्षणी चित्र थांबवून ते मोबाइलवर हातभर अंतरावरून वाचावे. वाचताना अडखळल्यास पट्टी अधिक गडद करावी.