दोन प्रायमरांची निवड

पाकिटावर नुसते 'गणेश कृपा, डोंबिवली' असे लिहून पत्र टाकले, तर पोस्टमनने ते कोणाकडे न्यावे? त्या नावाच्या इमारती कितीतरी निघतील. रस्ता, विभाग, खोली क्रमांक लिहावा, तेव्हा कुठे पत्र एकाच दारी पोचते. पीसीआर चाचणीतील प्रायमराचे काम अशा पत्त्याचेच आहे.

२०२० साली ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील असंख्य लोकांनी नाकाघशातील स्राव तपासणीला दिला. त्यात विषाणू असलाच तर अत्यल्प, आणि आपल्या पेशींची जनुकद्रव्ये मात्र भरपूर. विषाणूच्या आरएनएची आधी डीएनए प्रत करतात, मग दोन प्रायमर तिच्या ठराविक तुकड्याच्या दोन टोकांना चिकटतात, आणि तेवढाच तुकडा दर फेरीला दुप्पट होत जातो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली जोडी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनेही सुरुवातीच्या तपासण्यांत वापरली. ती अशी :

```
F: ACAGGTACGTTAATAGTTAATAGCGT
R: ATATTGCAGCAGTACGCACACA
```

पहिला प्रायमर २६ अक्षरांचा, दुसरा २२ अक्षरांचा. इतके लांब का? अक्षरे चारच, म्हणून दहा अक्षरांचे शब्द सुमारे साडेदहा लाख होतात. माणसाचा जनुकसंच सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. म्हणजे दहा अक्षरांचा पत्ता त्यात योगायोगानेच तीनेक हजार ठिकाणी सापडेल! वीस अक्षरांचे शब्द एक लाख कोटींहून अधिक होतात. तेथे अशा योगायोगाला जागा उरत नाही. म्हणून साधारणतः १८ ते २५ अक्षरे घेतात.

मग पहिल्याला २६ का दिली? त्याचे उत्तर जी आणि सी या अक्षरांत आहे. जी-सी जोडी हायड्रोजनच्या तीन बंधांनी बांधलेली असते, ए-टी जोडी दोन बंधांनी. जी-सी अधिक, तर प्रायमर घट्ट बसतो आणि सुटायला अधिक उष्णता लागते. ज्या तापमानाला निम्मे प्रायमर सुटलेले असतात, ते त्याचे वितळण-तापमान. जी-सीचे प्रमाण ४० ते ६० टक्के असावे असा संकेत आहे. आपल्या दुसऱ्या प्रायमरात २२ पैकी १० जी-सी आहेत, म्हणजे ४५ टक्के. पहिल्यात २६ पैकी ९च, जेमतेम ३५ टक्के. आता ढोबळ हिशेबाचे सूत्र लावून बघा :

```
Tm = 64.9 + 41 × (GC − 16.4) / N
F: 64.9 + 41 × (9 − 16.4) / 26 = 53.2
R: 64.9 + 41 × (10 − 16.4) / 22 = 53.0
```

पहिल्याची कमकुवत पकड चार जादा अक्षरांनी भरून निघाली, आणि दोघे एकाच तापमानाला आले! हे जमणे अगत्याचे, कारण दोघे एकाच नळीत असतात. तफावत पाच अंशांपलीकडे गेली, तर एक नीट बसतो तेव्हा दुसरा सुटतो तरी, नाहीतर भलत्या जागी चिकटतो. नळीतील मॅग्नेशियमसारख्या क्षारांमुळे प्रत्यक्ष पकड सूत्राहून घट्ट असते. म्हणूनच मूळ पद्धतीत ५८ अंश ठेवले आहेत.

राहिला दोघांचा आपसातील लळा. वितंचक प्रायमराच्या उजव्या टोकापासून पुढे जोडणी करतो. पहिल्याचे शेवट जी-सी-जी-टी. दुसऱ्याच्या पोटात ए-सी-जी-सी आहे. उलट दिशेने लावले की ही चार अक्षरे बरोबर जुळतात. पण चार अक्षरांची पकड ५८ अंशांवर टिकत नाही. शिवाय दुसऱ्याचे उजवे टोक मोकळेच लोंबते, त्यामुळे ही जोडी दुप्पट-चौपट होत जाण्याची भीती कमी. खरा धोका दोन्ही उजवी टोके एकमेकांत अडकली तर. मग प्रायमर एकमेकांच्याच नकला काढत बसतात आणि खऱ्या कामाला उरत नाहीत. नळ्या भरताना, थंडपणीच, हे सुरू होऊ शकते. यास्तव तापवल्यावरच जागा होणारा वितंचक वापरतात.

हे ओळखावे कसे? एका नळीत नमुन्याऐवजी नुसते पाणी घालावे. जेलवर खरा तुकडा ११३ जोड्यांपाशी दिसतो. पाण्याच्या नळीत पन्नासेक जोड्यांपाशी धूसर पट्टा उमटला, तर प्रायमर आपसात जुळले म्हणून समजावे. ही बाब किरकोळ नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पाठवलेल्या संचात एन-३ हा भाग पाण्याच्या नळीतही विषाणू असल्याची खूण देऊ लागला. प्रायमर आणि खूण दाखवणारा शोधक धागा एकमेकांना चिकटत होते, असे त्याच केंद्राने पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. तो भाग काढून टाकावा लागला आणि ऐन साथीत मोलाचे दिवस गेले.

तेव्हा कागदावर लांबी, जी-सी आणि तापमान कितीही सुरेख जुळो. पाण्याची नळी कोरी राहीपर्यंत ती जोडी रुग्णाच्या नमुन्याला लावू नये.