‘खूप छान, ताई’च्या पुढे काय लिहायचं?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या बचत गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा हल्ली नवा व्यवसाय सुरू झाल्याची बातमी बैठकीच्या आधीच मोबाइलवर आलेली असते. मागच्या उन्हाळ्यात अशीच एक बातमी आली. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावातल्या ताईंनी नाचणीच्या पापडांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आजपासून सुरुवात, 200 ग्रॅम, 70 रुपये.’ संध्याकाळपर्यंत चाळीसच्या वर उत्तरं आली. टाळ्या, फुलं, ‘खूप छान ताई’, ‘अशीच प्रगती करा’. आम्हीही दोन हात जोडून फूल पाठवलं, लपवायचं कशाला!

पंधरा दिवसांनी बैठकीत ताईंनी शांतपणे विचारलं, “एवढ्या जणींना आवडलं, मग घेतलं कोणी?” सात पाकिटं गेली होती आणि त्यातली चार त्यांच्या भावकीतच. आम्हाला काय उत्तर द्यावं कळेना.

मग आम्ही बसून विचार केला. महाडच्या बाजारात उभ्या असलेल्या बाईला 70 रुपये काढताना काय वाटत असेल? नाचणी खळ्यावरून येते, नीट पाखडली, धुतली नाही तर दाताखाली कचकच लागते. पापडखार जास्त पडला की पापड लाल होतो आणि चव बिघडते. पूर्ण वाळला नसेल तर आपल्याकडच्या पावसात चार दिवसांत मऊ पडतो, मग त्यावर बुरशी धरते. ‘खूप छान’ या दोन शब्दांत यातल्या एकाही शंकेचं उत्तर नव्हतं. आणि चाळीस जणींनी तेच लिहिलं म्हणून ते वाढतही नव्हतं.

त्यानंतर बिरवाडीच्या एका वहिनींनी ग्रुपवर लिहिलं. त्यांच्या परवानगीने वाचून दाखवतो: ‘मी दोन पाकिटं पैसे देऊन घेतली. ताई माझ्या नात्यातल्या नाहीत, आमचा गटही वेगळा. आठ दिवस खातोय. कचकच अजिबात नाही. गॅसवर भाजताना कडा आधी करपतात, आच मंद ठेवा. तेलात चांगला फुलतो. मीठ आम्हाला जरा जास्त वाटलं, सासूबाईंना ब्लडप्रेशर आहे म्हणून त्यांना देत नाही. कुळथाच्या पिठल्याबरोबर मुलांनी एक पाकीट संपवलं. पुन्हा घेणार आहे.’

त्या आठवड्यात एकोणीस पाकिटं गेली. सगळी या मेसेजमुळेच गेली असं आम्ही म्हणणार नाही, मे महिना होता आणि मुंबईकर गावाला आलेले होते. पण ग्रुपवर पहिल्यांदा प्रश्न आले. मीठ कमी करून द्याल का, महाडच्या स्टँडवर कुणाकडे ठेवाल का, असे. गिऱ्हाईक प्रश्न विचारायला लागलं की समजावं, ते घ्यायच्या विचारात आहे.

वहिनींनी आधी आपण कोण ते सांगितलं. पैसे दिले, नातं नाही, गट वेगळा. हे फार महत्त्वाचं. आपणच त्या गटात असू, नफ्यात वाटा असेल किंवा पाकीट फुकट मिळालं असेल, तर तेही तितक्याच सरळपणे लिहावं: ‘ही माझी जाऊ आहे, पाकीट भेट मिळालं, तरी चव सांगते.’ अशा ओळीने पापड कमी विकला जात नाही. उलट नंतर गावात कळलं की ती जाऊच होती, तर पुढचं कोणी ऐकत नाही. शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड सांगावा, असं केंद्र सरकारच्या 2022 सालच्या जाहिरातींविषयीच्या नियमांतही आहे.

मग त्यांनी मिठाची तक्रार लपवली नाही. काहींना ते खटकलं. एक काकू म्हणाल्या, “चारचौघांत कशाला काढायचं?” आमचं मत वेगळं आहे. ज्या चवीत घराघरात फरक पडतो, ती उघड सांगावी. मीठ, तिखट, आकार, जाडी. त्यावरून आपल्याला तो पापड जमेल की नाही हे वाचणारीला ठरवता येतं. पण पाकिटात बुरशी, खडा किंवा केस सापडला तर ते ग्रुपवर टाकू नका. त्याच क्षणी ताईंना फोन करा, तारीख सांगा, पाकीट जपून ठेवा. कारण त्या तारखेची बाकीची पाकिटं त्यांना ताबडतोब परत बोलवावी लागतील. फोन करूनही विक्री चालूच राहिली, तर मात्र गप्प बसू नये.

एका गोष्टीवर आम्ही अडतो. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, हे खरं. पण ‘या पापडाने शुगर जाते’ असं कौतुकाने लिहिलेलं आम्ही वाचलं आणि लिहिणारीला काढायला लावलं. अन्नपदार्थाने आजार बरा होतो असा दावा विकणाऱ्याला कायद्याने करता येत नाही, आणि आपला मेसेज ताईंनी पुढे पाठवला की तो त्यांचाच दावा ठरतो. शिवाय कुणी त्यावर विसंबून गोळी बंद केली तर?

पापडाचा विषय निघाला म्हणून लिज्जतची आठवण येते. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावच्या एका गच्चीवर सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सांगितलं की एकच चांगला करा, दर्जात तडजोड नको. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह ठेवायचा.

ही गोष्ट आम्ही आमच्या ताईंना सांगितली, कारण महाड-पोलादपूरचा पाऊस काही मुंबईपेक्षा कमी नाही. ज्यांनी पापड घेतलेलाच नाही त्यांनीही असं काही लिहिता येतं. ‘मी अजून खाल्ला नाही, पण विचारते, जूनपासून वाळवणार कसं?’ या एका प्रश्नाने ताईंना उत्तर द्यायची संधी मिळाली. त्यांनी लिहिलं की मेअखेरपर्यंतचा साठा करून डब्यात भरणार, मोडून कट्ट आवाज आला तरच पाकिटात घालणार, आणि पाकिटावर तयार केल्याची तारीख टाकणार. तारीख आधी नव्हती. त्यांच्या नोंदणीचा चौदा आकडी नंबर होता, पण फोटोत तो घडीखाली गेला होता. तेही कुणीतरी विचारल्यावरच लक्षात आलं.

दुसऱ्या खेपेला ताईंनी दोन पातेल्यांत पीठ उकडलं, एक नेहमीच्या मिठाचं आणि एक कमी मिठाचं. कमी मिठाचं पहिलं पाकीट बिरवाडीला गेलं, सासूबाईंसाठी. त्याचा अभिप्राय वहिनींनी अजून लिहिलेला नाही. म्हणाल्या, आठ दिवस खाऊन झाल्यावर लिहीन.