जांभळ्या कोबीचं पाणी
(मंडळीच्या कापणीच्या सणाच्या सभेत केलेलं भाषण)



मागच्या वर्षी महिला मंडळाने वसतिगृहातल्या मुलींच्या विज्ञानासाठी पैसे दिले होते. त्यांचं काय झालं, ते सांगायला मी उभी आहे. आम्ही तेजाब किंवा काचेच्या नळ्या घेतल्या नाहीत. खायचा सोडा, व्हिनेगर, प्लास्टिकचे पारदर्शक पेले आणि एक जांभळा कोबी घेतला. आमच्या सातपुड्यात तो मिळत नाही, म्हणून नाशिकहून मागवला.

या कोबीच्या रंगाचा एक गुण आहे. आम्लात तो गुलाबी होतो, अल्कात निळा-हिरवा, आणि दोन्ही नसेल तिथे जांभळाच राहतो. पाव कोबी चिरून त्यावर अर्धा लिटर उकळतं पाणी ओतायचं, पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं आणि गाळायचं. उकळत्या पाण्याचं काम मोठ्यांनी करायचं, मुलींनी नाही.

खरेदीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सोडा खायचाच हवा. धुण्याचा सोडाही तसाच पांढरा दिसतो, पण तो कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो. व्हिनेगरच्या बाटलीवर चार ते पाच टक्के लिहिलेलं असावं. त्याहून तीव्र असेल तर ती दुकानातच ठेवावी. आणि सोडा-व्हिनेगर एकत्र केल्यावर बाटलीला बूच कधीही लावायचं नाही. आत वायू साठतो आणि बाटली फुटते.

व्हरांड्यात तीन टेबलं मांडली. पहिल्यावर व्हिनेगर, दुसऱ्यावर सोड्याचं पाणी, तिसऱ्यावर दोन्ही एकत्र करायचं. प्रत्येक टेबलाचा चमचा वेगळा. चव घ्यायची नाही, हा एकच कडक नियम.

पण सुरुवातच फसली. कोबीचं पाणी जांभळं न होता निळं झालं. कोबी शिळा असेल असं मला वाटलं. तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, यात सोडा आधीच टाकलाय का?" मी म्हटलं, "तुम्हीच पेला नीट धुतला नसेल." खरं तर ते पातेलं मीच भरलं होतं, हातपंपावर.

ती काही बोलली नाही. छपराखाली आम्ही पावसाचं पाणी साठवतो. त्या पाण्याने तिने दोन पेले धुतले. मीही मग उरलेला कोबी पावसाच्याच पाण्यात करून दिला. तो सुंदर जांभळा उतरला. एका पेल्यात पावसाचं पाणी, दुसऱ्यात हातपंपाचं. दोन्हींत कोबीच्या पाण्याचे दोन-दोन चमचे. पहिला जांभळाच राहिला. दुसरा आमच्या डोळ्यांसमोर निळा झाला. तिने तीनदा करून दाखवलं.

आमच्या काळ्या खडकातून झिरपताना पाण्यात जे क्षार उतरतात, त्यांत सोड्याच्याच जातीचे बायकार्बोनेट असतात. डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही म्हणून आपण ज्याला जड पाणी म्हणतो, ते हेच. मी सगळ्या मुलींसमोर तिची माफी मागितली. पाणी पिण्याला चांगलं की वाईट हे मात्र या रंगावरून कळत नाही, जंतू तर मुळीच दिसत नाहीत, हेही सांगावं लागलं. कारण दोघी-तिघींनी लगेच हातपंपाचं पाणी प्यायचं सोडलं होतं!

तिसऱ्या टेबलावर सगळ्यांत जास्त गर्दी. थाळीत मोठा पारदर्शक डबा ठेवला, कारण फेस उतू जातो. अर्धा पेला पाण्यात सपाट चमचाभर सोडा आणि थोडं कोबीचं पाणी, रंग निळा. आता जांभळा होईपर्यंत किती चमचे व्हिनेगर लागेल? बहुतेकींनी सांगितलं, एक. चमच्याला चमचा! एक घातला, फसफसलं, रंग निळाच. पाच घातले, तरी निळाच. मुली मोठ्याने मोजू लागल्या. चौदाव्या चमच्याला फसफस मंदावली आणि जांभळी झाक आली. आणखी तीन-चार घातल्यावर सगळं गुलाबी. व्हिनेगर म्हणजे बहुतेक पाणीच, आम्ल त्यात शंभरात चार-पाच भाग, हे त्यांना मोजूनच कळलं. डबा थोडा वेळ तसाच ठेवला तर जांभळा पुन्हा निळसर होतो, कारण विरघळलेला वायू उडून जातो. तो स्वतःही थोडासा आम्लच असतो. हे मला माहीत नव्हतं. पुस्तक उघडावं लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्या पाचवीतल्या मुलीने कोबीचं पाणी छोट्या बाटलीत मागितलं. पाड्यावरच्या झऱ्याचं पाणी बघायचं होतं. हे दोन दिवसांत आंबतं, म्हणून मी तिला कोबीचा तुकडाच दिला आणि पावसाचं पाणी घ्यायची आठवण केली. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे, बाई."