जेवणाच्या वेळचा मोबाइल : पालकांसाठी चित्रफीत कशी असावी?



भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचना २०२२ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये. दूरच्या नातलगांशी अधूनमधून होणारे चित्रसंभाषण तेवढे चालेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तास ही कमाल मर्यादा असून जेवताना पडदा नसावा.

सूचना स्पष्ट आहेत. परंतु छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज वसाहतीतील पाळी आटोपून सायंकाळी घरी परतणाऱ्या मातेला त्या जशाच्या तशा ऐकविल्या, तर तिला अपराधी वाटेल आणि चित्रफीत ती अर्ध्यावर बंद करील. मूल पायात घुटमळत असते, कुकर लावायचा असतो, घरात दुसरे माणूस नसते. अशा वेळी तिने मोबाइल दिला तो निष्काळजीपणाने नव्हे. म्हणून तीन मिनिटांच्या चित्रफितीत पहिली अर्धी मिनिट तिची ही धावपळच दाखवावी, आणि पुढे एकच बदल सुचवावा : जेवताना मोबाइल नको.

हा बदल का, हेही सांगावे. पडद्याकडे डोळे लावून बसलेले मूल पोट भरल्याची खूण ओळखत नाही. घास भरविणाराशी त्याचे बोलणेही थांबते. या वयात भाषा येते ती अशाच देवाणघेवाणीतून.

कृती दोन वर्षांच्या मुलाची दाखवावी. स्वयंपाक होईपर्यंत मोबाइल द्यावाच लागला, तर एका चित्रफितीनंतर दुसरी आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करावी. ‘हे गाणे संपले की मोबाइल फळीवर’ असे सांगून तो मुलाच्याच हातून ठेववावा. नंतर त्याच्यापुढे स्वतंत्र ताटली ठेवावी, घास त्याला स्वतः घेऊ द्यावा. सांडेल, खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. त्याने तोंड फिरविले की जेवण संपले.

पहिले काही दिवस मूल रडेल, कदाचित आधीपेक्षा जास्त. उपाय फसल्याची ती खूण नव्हे. मात्र दहा मिनिटांच्या रडण्यानंतर मोबाइल हाती दिला, तर दहा मिनिटे रडावे लागते एवढेच ते शिकते. आजी-आजोबांचाही निश्चय एकच हवा. बहुधा गाडे अडते ते इथेच. एखादे दिवशी नियम मोडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावे, हे वाक्य चित्रफितीत अवश्य असावे.

एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. मूल हाकेला ओ देत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर ‘मोबाइलमुळे असेल’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवून त्याचे ऐकणे तपासून घ्यावे.

ही चित्रफीतही शेवटी मोबाइलवरच येणार. तेव्हा अंगणवाडीताईंनी ती रात्री, मुले झोपल्यावर पाठवावी.