काम लांबलं, पैसे कापायचे किती?
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



सिव्हिल कंत्राटांची बिलं तपासण्यात माझी नोकरी गेली. आज एकच छोटं प्रकरण सांगतो. भिवंडीतल्याच एका सोसायटीचं. सोसायटीचं आणि ठेकेदाराचं नाव घेत नाही.

काम गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचं प्लास्टर, रक्कम २४ लाख, मुदत ३१ मे. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का कपात, जास्तीत जास्त पाच टक्के. म्हणजे आठवड्याला १२,००० रुपये. यालाच लिक्विडेटेड डॅमेजेस म्हणतात : नुकसान किती होईल याचा अंदाज दोघांनी आधीच बांधून ठेवायचा, मागाहून भांडण नको. शिवाय उत्साहाच्या भरात सेक्रेटरींनी हाताने एक ओळ वाढवली होती : "विलंबास दररोज ५,००० रुपये दंड वेगळा."

काम संपलं ५ जुलैला. ३५ दिवस उशीर. कमिटीने हिशोब मांडला : कपात ६०,००० आणि दंड १,७५,०००. ठेकेदार म्हणाला, "अहो साहेब, पाऊस पडला, ही देवाच्या हातची गोष्ट!" आणि करारातल्या फोर्स मेज्यूरच्या कलमावर बोट ठेवलं.

आता हे कलम म्हणजे काय? कुणाच्याच हातात नसलेली, आधी कल्पना करता न येणारी घटना, आणि काम अडलं ते तिच्यामुळेच. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तशा दिवसाची गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे, काम वेळेत झालं असतं तर ३१ मेलाच परांची उतरली असती. पावसाशी गाठच पडली नसती. आणि तिसरं, घटना घडल्यापासून सात दिवसांत लेखी कळवायचं असं करारात होतं. याचं पत्र आलं ते थेट शेवटच्या बिलासोबत. तेव्हा तो मुद्दा निकालात निघाला.

पण त्याचा दुसरा मुद्दा खरा निघाला. सी विंगखालच्या गाड्या सभासदांनी हलवल्याच नाहीत, म्हणून सात दिवस परांची बांधता आली नव्हती. साइटच्या डायरीत रोजची नोंद होती, त्यावर आपल्याच सुपरवायझरची सही. मालकाने स्वतः केलेल्या उशिराची भरपाई ठेकेदाराकडून घेता येत नाही. एक आठवडा वजा. उरले चार आठवडे, ४८,०००.

राहिला तो १,७५,००० चा दंड. इंग्लंडच्या कायद्यात भरपाई आणि दंड यांत जुना भेद आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ ने तो बाजूला ठेवला. कागदावर काहीही नाव द्या, मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद प्रकरणात हे सांगितलं. २०१५ मध्ये कैलाशनाथ प्रकरणात आणखी स्पष्ट केलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही. नुकसान मोजणं अवघड असेल तिथेच ठरलेला वाजवी आकडा चालतो.

या सोसायटीचं नुकसान काय? ताडपत्री आणि वरच्या मजल्यावरच्या दोन घरांची छतं, मिळून बिलं ४५,००० ची. वर महिनाभराची गैरसोय, जी बिलात मांडता येत नाही. म्हणून ४८,००० अगदी बसतात. रोजच्या ५,००० मागे मात्र कसलंच नुकसान उभं नव्हतं.

तरीही हे ४८,००० हातचे जाणार होते. कलम ५५ सांगतं की उशिरा झालेलं काम स्वीकारताना "भरपाईचा हक्क राखून ठेवतो" असं कळवलं नाही, तर मागाहून ती मागता येत नाही. ओएनजीसी आणि सॉ पाइप्स यांचा खटला प्रसिद्ध आहे. युरोपातल्या पोलाद कामगारांच्या संपामुळे पाइप उशिरा येणार होते. ओएनजीसीने मुदत वाढवली, पण त्याच पत्रात कपात होईल असंही लिहिलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कपात मान्य केली. आपल्या या सोसायटीच्या खजिनदार बाईंनी १ जूनला, मुदतवाढ देतानाच, तसं दोन ओळींचं पत्र दिलं होतं आणि पोचही घेतली होती. बाकीची कमिटी तेव्हा त्यांना म्हणे, "ताई, कशाला संबंध बिघडवता!"

ठेकेदाराला ते पत्र आणि डायरी समोर ठेवून दाखवली. दंडाची ओळ कमिटीने सोडली, पावसाचा हट्ट त्याने सोडला. अनामत म्हणून रोखलेल्या रकमेतून ४८,००० वळते केले आणि बाकीचा चेक त्याच बैठकीत दिला.